फवारणी: पिकाचे दिवस, माणसाचे दिवस

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातली पऱ्हाटी नेहमीपेक्षा फार उंच झाली होती. कितीतरी वावरांत ती माणसाच्या खांद्यापर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही वर गेली होती. कीड जोरात होती, बोंडअळीची धास्ती होती, आणि फवारणीमागून फवारणी चालू होती. त्या हंगामात फवारताना विषबाधा होऊन एकट्या या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. सरकारने चौकशी पथक नेमलं आणि काही औषधांच्या विक्रीवर काही काळ बंदीही घातली.

या माणसांमध्ये रोजीने दुसऱ्यांच्या वावरात फवारायला जाणारे मजूर बरेच होते. शेतकरी आपल्या शेतात एकदा फवारतो आणि मग काही दिवस थांबतो. मजूर मात्र आज एकाच्या वावरात असतो, उद्या दुसऱ्याच्या, परवा तिसऱ्याच्या. दोन फवारण्यांच्या मध्ये पिकाला उसंत मिळत होती, या माणसाच्या अंगाला मिळत नव्हती.

म्हणून मी हा लेख दिवसांच्या हिशेबावर लिहिला आहे. फवारणीत चार ठिकाणी दिवस मोजावे लागतात. एका फवारणीनंतर दुसरी कधी करायची, फवारलेल्या वावरात पाय कधी ठेवायचा, माल कधी तोडायचा, आणि फवारणाऱ्याने पुन्हा पंप कधी उचलायचा. पहिल्या तिन्हींबद्दल बाटलीवर किंवा सोबतच्या घडीपत्रकावर काहीतरी लिहिलेलं असतं. चौथ्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही, म्हणून त्याला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे. ज्यांना वाचायला जड जातं त्यांना घरातल्या मुलामुलींनी हा लेख मोठ्याने वाचून दाखवावा.

दुसरी फवारणी कधी?

कपाशीची गुलाबी बोंडअळी घ्या. तिचा पतंग रात्री फुलांवर, पात्यांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालतो. अंड्यातून साधारण तीन ते सहा दिवसांत बारीक अळी निघते आणि थोड्याच वेळात बोंडात शिरते. ती आत शिरली की मागचं छिद्र बुजून जातं. मग बाहेरून कितीही औषध मारलं तरी ते तिच्यापर्यंत पोचत नाही. अळी आत दहा-पंधरा दिवस सरकी खाते, नंतर कोषात जाते, आणि कोषातून पुन्हा पतंग निघतो. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण एक महिना लागतो.

यातून दोन गोष्टी समजतात. औषधाचा उपयोग पतंग, अंडी आणि नुकतीच निघालेली अळी यांच्यावर होतो, म्हणजे वेळ साधली तरच होतो. आणि सोमवारी फवारलं, गुरुवारी बोंड फोडलं, आत अळी जिवंत दिसली, म्हणून शुक्रवारी पुन्हा फवारलं, तर त्या दुसऱ्या फवारणीने ती अळी मरत नाही. पैसा जातो, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर आठवड्यात दुसऱ्यांदा औषध येतं.

मग ठरवायचं कसं? एकरी दोन कामगंध सापळे लावा. त्यातल्या गोळीच्या वासाने नर पतंग येऊन अडकतात. रोज सकाळी ते मोजा. एका सापळ्यात एका रात्रीत आठ किंवा जास्त पतंग, आणि असं लागोपाठ तीन रात्री झालं, तर फवारणीची वेळ आली. दुसरी खूण बोंडांची. वावरात तिरकं चालत वेगवेगळ्या झाडांवरून वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा. दोन बोंडांत जिवंत अळी सापडली तर फवारणी करावी. एकही नसेल तर शेजाऱ्याने फवारलं म्हणून आपण फवारू नये. फुलं पूर्ण न उमलता पाकळ्या गुंडाळल्यासारखी गुलाबाच्या कळीगत दिसू लागली, ज्याला डोमकळी म्हणतात, तर अळी आली आहे असं समजून बोंडं तपासायला लागा. ती फुलं तोडून नष्ट करा, वावरात टाकू नका.

आणखी एक गोष्ट दुकानात घडते. पहिलं औषध चाललं नाही असं सांगितलं की दुकानदार दुसरी बाटली देतो. बाटलीवर कंपनीने दिलेलं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि आतल्या औषधाचं खरं नाव बारीक अक्षरांत. दोन बाटल्यांची मोठी नावं वेगळी, पण बारीक अक्षरांतलं नाव एकच, असं पुष्कळदा होतं. तेव्हा शेतकऱ्याला वाटतं की औषध बदललं, आणि किडीवर पुन्हा तेच पडतं. एकाच औषधाचा मारा लागोपाठ होत राहिला की त्याला न मरणाऱ्या किडी उरतात आणि त्यांचीच पिल्लावळ वाढते. वाचता येत नसेल तर जुनी बाटली सोबत न्या आणि दोन्हींवरचं बारीक नाव दुकानदाराकडून वाचून घ्या. ते एकच असेल तर नवी बाटली घेऊ नका.

वावरात पाय कधी ठेवायचा आणि माल कधी तोडायचा?

फवारलेल्या वावरात निदान पूर्ण एक दिवस आणि एक रात्र कोणी जाऊ नये. घडीपत्रकावर जास्त काळ लिहिला असेल तर तो पाळावा. पानावरचं औषध वाळलं म्हणजे संपलं असं नाही. पहाटे दव पडतं, पानं ओली होतात, आणि निंदायला गेलेल्या बाईच्या हातांना, पोटऱ्यांना, लुगड्याला ते लागतं. तिने पंप हातात घेतलेला नसतो, तिला कोणी हातमोजे दिलेले नसतात, बऱ्याचदा तिला काल इथे फवारलं हे माहीतही नसतं. यावर उपाय अगदी साधा आहे. फवारणी झाली की धुऱ्यावर, वाटेच्या तोंडाशी, काठीला लाल फडकं बांधा. गावात सगळ्यांनी मिळून त्याचा अर्थ ठरवून ठेवा. शेळ्या राखणाऱ्या पोरालाही तो ठाऊक असला पाहिजे, कारण फवारलेला चारा जनावराच्या पोटात जातो.

तोडणीचं अंतर भाजीपाल्यात फार महत्त्वाचं आहे. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, हा आकडा प्रत्येक औषधाचा वेगळा असतो. आणि एकाच औषधाचा प्रत्येक पिकात वेगळा असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. क्लोरँट्रानिलीप्रोल नावाचं अळीचं औषध आहे. त्याच्या नेहमीच्या पातळ प्रकारासाठी टोमॅटोवर थांबायचे दिवस ३ आहेत, भेंडीवर ५, आणि वांग्यावर २२. ज्याने टोमॅटोत ते वापरलं आणि तीन दिवसांनी माल तोडला, तो उरलेलं औषध वांग्यावर मारून तीनच दिवस थांबला तर त्याचं वांगं विषारी अंश घेऊन बाजारात जाईल.

आता अडचण बघा. वांगी दर चार-पाच दिवसांनी तोडावी लागतात. बावीस दिवस थांबलं तर झाडावर बियाणाची वांगी होतील. म्हणजे तोडे चालू झाल्यावर हे औषध वांग्यात वापरण्याजोगंच नाही. ते तोडे सुरू होण्याच्या आधी, झाड फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास वापरावं लागतं. तोडे सुरू झाल्यावर कमी दिवसांचं औषध घ्यावं. इमामेक्टिन बेंझोएटच्या ५ टक्के दाणेदार प्रकाराला वांग्यावर ३ दिवस थांबायचं असतं, तेच कपाशीवर १० दिवस. आणि नियम असा ठेवावा की आधी तोडा करायचा, मग फवारायचं. आज फवारून उद्या चकचकीत माल नेण्याची घाई कोणी करू नये. धुतल्याने सगळं औषध निघून जातं हाही समज चुकीचा आहे. काही औषधं झाडाच्या रसात शिरतात, आणि रसात शिरलेलं पाण्याने कसं धुतलं जाणार? मोनोक्रोटोफॉस हे जहाल औषध भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच मनाई आहे. तरीही कपाशीसाठी आणलेली बाटली घरामागच्या भेंडीवर रिकामी होते. आणि ती भेंडी घरातलीच लेकरं खातात.

ज्याला आकडे लिहिणं जमत नाही त्याने भिंतीवरचं कॅलेंडर वापरावं. फवारणीच्या तारखेवर एक खूण, वावरात जाता येईल त्या तारखेवर दुसरी, तोडा करता येईल त्या तारखेवर तिसरी. दुकानदाराला बाटली घेतानाच विचारा, किती दिवस तोडायचं नाही, आणि त्याच्या हाताने बाटलीवर मोठा आकडा लिहून घ्या. कृषी सेवा केंद्र चालवायला परवाना लागतो. गिऱ्हाइकाला एवढं सांगणं हे त्याचं कामच आहे, मेहेरबानी नाही.

अंगाचे दिवस

आता माणसाकडे येऊ. कपाशीवर मारली जाणारी बरीच जुनी औषधं एका घराण्यातली आहेत. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, अ‍ॅसिफेट ही त्यातली ओळखीची नावं. किडीला ती ज्या वाटेने मारतात, त्याच वाटेने माणसालाही मारतात.

आपला मेंदू हाताला, पोटाला, फुफ्फुसाला निरोप पाठवतो तेव्हा शिरेच्या टोकाशी एक रस सुटतो. त्याने स्नायू हलतो. हलून झाला की शरीरातलाच दुसरा एक पदार्थ तो रस लगेच पुसून टाकतो आणि स्नायू शांत होतो. विहिरीवरची मोटार चालू करायचं एक बटण आणि बंद करायचं दुसरं, तसं हे आहे. ही औषधं बंद करायचं बटण निकामी करतात. मग मोटार चालूच राहते. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, अंगाला घाम, पोटात मुरडा, उलटी, जुलाब, पापण्या आणि दंडाचे स्नायू आपोआप उडणं, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होऊन अंधुक दिसणं. छाती घोट्याने भरते, आणि श्वास घेणारे स्नायू थकून बंद पडले तर माणूस जातो.

बंद करणारा हा पदार्थ शरीरात एका दिवसात भरून येत नाही. रक्ताच्या लाल पेशींतला त्याचा साठा एकदा निकामी झाला की नव्या पेशी तयार होतील तसा हळूहळू भरतो, रोज साधारण शंभरातला एक भाग. फवारणाऱ्याच्या जिवाशी सगळ्यात जवळची गोष्ट हीच आहे, म्हणून तिचा हिशेब मांडून बघू.

समजा एका मजुराच्या अंगात हा साठा पूर्ण शंभर भाग आहे. सोमवारी त्याने उंच पऱ्हाटीत दिवसभर फवारलं. पंप पाठीवर थोडा गळत होता, समोरची ओली पानं मांड्यांना घासत होती. दहा भाग गेले. त्याला काहीच जाणवलं नाही. फार तर संध्याकाळी डोकं दुखलं, ते त्याने उन्हावर ढकललं. मंगळवारी दुसऱ्याचं वावर, आणखी दहा भाग. बुधवारी, गुरुवारी तसंच. रात्रीतून भरून येतो तो एखादाच भाग. शनिवारी रात्रीपर्यंत त्याचा साठा चाळीस-पंचेचाळीसवर आला. साठा निम्म्याच्या खाली गेला की बहुधा त्रास दिसू लागतो. सोमवारी तो नेहमीएवढंच औषध, नेहमीच्याच पंपाने मारतो आणि वावरात कोसळतो. लोक म्हणतात, आज औषध कडक होतं. औषध तेच होतं. त्याच्या अंगात आता उरलंच नव्हतं. रोज दहा भाग हा आकडा मी समजण्यापुरता घेतला आहे. कोणाचे पाच जातील, कोणाचे एका दिवसात तीस. पण जाणं झपाट्याने आणि भरणं सावकाश, हे सगळ्यांना सारखंच लागू आहे.

याच मजुराला शंभरवर परत यायला दोन महिने लागतील. एका रविवारच्या सुटीने काही होत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात या घराण्यातली औषधं नेहमी हाताळणाऱ्या मजुरांचं रक्त हंगामाआधी तपासून ठेवायचा नियम आहे. पुढच्या तपासणीत लाल पेशींमधला साठा मूळच्या सत्तर टक्क्यांवर किंवा खाली आला तर त्या माणसाला या कामावरून बाजूला काढतात, आणि ऐंशी टक्क्यांवर चढल्याशिवाय परत घेत नाहीत. आपल्याकडे गावपातळीवर ही तपासणी होत नाही. व्हायला हवी, निदान कपाशीच्या जिल्ह्यांत, फवारणीच्या मजुरीवर जगणाऱ्यांची तरी. या तपासणीचं नाव कोलिनएस्टरेज. डॉक्टरांकडे ती नाव घेऊन मागता येते.

तपासणी नसली तरी दिवस मोजता येतात. माझं स्पष्ट मत आहे की एकाच माणसाने लागोपाठ दोन दिवस फवारू नये, आणि एका दिवसात सकाळच्या गार वेळेपलीकडे पंप पाठीवर ठेवू नये. गावातले चार-पाच फवारणारे मिळून पाळी लावू शकतात. ज्याच्याकडे मजूर कामाला येतो त्या शेतकऱ्याने आधी विचारावं, काल कुठे होतास, परवा कुठे होतास? तो काल फवारून आला असेल तर त्याला दुसरं काम द्यावं. रोजी बुडेल म्हणून मजूर खोटं सांगेल, हे खरं आहे. म्हणून दुसरं काम देणं महत्त्वाचं, नुसतं परत पाठवणं नाही. ज्याला संध्याकाळी डोकेदुखी, मळमळ, अंधुक दिसणं यांतलं काहीही झालं, त्याने त्या आठवड्यात पंपाला हात लावू नये. ती उन्हाची भोवळ समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जाणं सगळ्यात धोक्याचं.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि अठराच्या आतलं पोर यांनी फवारणीच्या कोणत्याही कामात असू नये. पाणी आणून देण्याच्या कामातही नाही.

औषध अंगात कुठून शिरतं?

नाकातोंडातून शिरतं एवढंच लोक धरून चालतात आणि तोंडाला रुमाल बांधतात. प्रत्यक्षात फवारणाऱ्याच्या अंगात सगळ्यात जास्त औषध कातडीतून जातं. पातळ तेलकट औषधांत जे द्रावक असतं, ते कातडीतून औषध आत न्यायला मदतच करतं. घामेजलेली, उन्हाने तापलेली कातडी तर ते आणखी लवकर घेते. आणि तोंडावरचा रुमाल थोड्या वेळाने फवाऱ्याने ओला होतो, मग तो औषध ओठांशी धरून ठेवतो.

सगळ्यात जोखमीचा क्षण वावरातला नसून मिसळण्याचा आहे. तेव्हा हातात असतं ते पाणी न घातलेलं औषध. त्याचा एक शिंतोडा म्हणजे पंपातल्या कितीतरी पाण्याएवढं विष. म्हणून पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी रबराचे लांब हातमोजे घ्या, कापडी नाही. काठीने ढवळा, हाताने नाही. झाकणाने अंदाजे ओतू नका, सोबत आलेल्या मापाने मोजा.

मात्रा एकराची असते, पंपाची नाही, हेही इथेच सांगतो. इमामेक्टिनच्या दाणेदार औषधाची कपाशीवरची मात्रा एकरी ७६ ते ८८ ग्रॅम आहे. तुमच्या एकराला पंधरा लिटरचे तेरा पंप लागत असतील तर एका पंपाला साधारण साडेसहा ग्रॅम पुरे. दहाच पंप लागत असतील तर पावणेनऊ. आपल्या एकराला किती पंप लागतात ते एकदा साधं पाणी भरून, नेहमीच्या चालीने चालून बघा. पऱ्हाटी उंच झाली की पंप वाढतात, आणि जुन्याच हिशेबाने प्रत्येक पंपात भर घातली तर एकरी मात्रा नकळत वर जाते. दोन-तीन औषधं, त्यात टॉनिक, त्यात खत, असं एका पंपात कालवणं तर थांबवाच. मजुरी वाचते म्हणून ते केलं जातं, पण त्या मिश्रणाने माणूस पडला तर त्याच्या अंगात नेमकं काय गेलं हे डॉक्टरला कळत नाही.

पाठीवर पंप ठेवण्याआधी तो पाण्याने भरून गळतो का बघा. गळत असेल तर त्या दिवशी फवारणी नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट, रबरी बूट, आणि पँट बुटाच्या बाहेर सोडलेली, म्हणजे ओघळ आत जाणार नाही. पाठ आणि पंप यांच्यामध्ये स्वच्छ प्लास्टिक बांधा. समोरही कमरेपासून गुडघ्याखालीपर्यंत प्लास्टिकचा आडपडदा बांधा, कारण मांड्या सगळ्यात जास्त भिजतात. डोळ्यांना चष्मा, तोंडाला गाळणीचा मुखवटा. भर दुपारी हे सगळं अंगावर सहन होत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच फवारणी सकाळी गारव्यात उरकायची. उकडतं म्हणून कपडे काढून फवारण्यापेक्षा काम अर्धवट सोडलेलं चांगलं.

वारा जोरात असेल तर फवारू नका. मंद वाऱ्यात सुरुवात अशा कडेने करा की काम पुढे सरकेल तसे तुम्ही वाऱ्याच्या येण्याच्या दिशेला सरकत जाल. म्हणजे फवारलेला भाग वाऱ्याच्या खालच्या बाजूला राहतो आणि धुकं तुमच्यापासून दूर जातं. तास शक्यतो वाऱ्याला आडवे धरा, नळी वाऱ्याच्या खालच्या बाजूला धरा, आणि स्वतः न फवारलेल्या तासातून चाला. पऱ्हाटी छातीच्या वर गेली असेल तर नळी डोक्यावर उचलून फवारू नका, सगळं चेहऱ्यावर येतं. २०१७ मध्ये नेमकं हेच घडलं. अशा वेळी शेंडे खुडून उंची आटोक्यात ठेवणं आधीच करायला हवं.

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायची सवय फार जणांना आहे. खराट्याची काडी आणि पाणी वापरा. काम चालू असताना तंबाखू, बिडी, पाणी काहीही नाही. आधी हातमोजे घातलेले हात साबणाने धुवा, मग मोजे काढा, मग पुन्हा हात धुवा. घरी जाऊन लेकराला उचलण्याआधी साबण लावून अंघोळ करा. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, वेगळे धुवा, आणि धुणारीनेही हातमोजे घालावेत. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडा. पंप विहिरीवर किंवा नाल्यात धुऊ नका.

बाटलीवर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. मोनोक्रोटोफॉसवर लाल असतो. हिरवा दिसला तरी हातमोजे लागतातच. त्याचा अर्थ विष कमी तीव्र आहे एवढाच.

कोणी पडलं तर

फवारणारा एकटा कधीच नसावा. लाळ, घाम, उलटी, अंधुक दिसणं, स्नायू उडणं यांतलं काही दिसलं की त्याला वावराबाहेर मोकळ्या हवेत आणा. सगळे कपडे काढा, डोक्याच्या केसांपासून नखांपर्यंत साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, नाहीतर तोही आजारी पडतो. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार सोडा. शुद्ध हरपली असेल तर डाव्या कुशीवर ठेवा. दूध, तूप, ताक, मिठाचं पाणी काहीही पाजू नका आणि उलटी करवू नका, ते छातीत उतरतं. १०८ ला फोन लावा. विषबाधेवर चोवीस तास सल्ला देणारा दिल्लीच्या एम्सचा मोफत क्रमांक १८००-११६-११७ आहे, तो गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरलाही उपयोगी पडतो.

निघताना बाटली आणि घडीपत्रक सोबत घ्याच. दोन-तीन औषधं मिसळली असतील तर सगळ्या बाटल्या घ्या. फॉस घराण्याच्या विषावर अ‍ॅट्रोपिन नावाचं इंजेक्शन आहे आणि ते वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो. पण दुसऱ्या बऱ्याच घराण्यांच्या औषधांवर ते उतारा नाही. बाटली समोर असेल तर डॉक्टरचा अंदाजात वेळ जात नाही.

इंजेक्शनने लाळ थांबली, माणूस बोलायला लागला, की नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. या विषात पहिल्या एक ते चार दिवसांत दुसरा झटका येऊ शकतो. मान उचलता येत नाही, दंड-मांड्या लुळ्या पडतात, श्वास अडतो, आणि तेव्हा श्वासाचं यंत्र जवळ नसेल तर हाती काही राहत नाही. म्हणून डॉक्टर सोडत नाहीत तोवर दवाखान्यातच राहा. घरी आल्यावर त्या माणसाचा साठा भरायला आठवडे लागणार आहेत. त्या हंगामात त्याला फवारणीचं काम देऊ नका, आणि लाल फडकं लावलेल्या वावरात निंदायलाही पाठवू नका.